घर दाखवताना भेग लपवू नका : या चुका टाळा

मराठवाड्यात जुनं घर विकायला काढलं की मालक आधी रंगाऱ्याला बोलावतो. मागच्या खोलीतल्या भेगेवर पुट्टी, वर रंगाचे दोन हात आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक. यापेक्षा महागात पडणारी चूक नाही. तीन भिंती जुन्या, एकच कोरी. गिऱ्हाईक नेमकं तिथंच थबकतं. लातूर-धाराशिवकडचा माणूस असला तर १९९३चा किल्लारीचा भूकंप तो विसरलेला नसतो. तोंडावर काही बोलत नाही, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो आणि जातो.

आधी भेग कशाची आहे ते बघा. बीम आणि विटांची भिंत मिळते तिथली आडवी, बारीक भेग बहुतेक वेळा नुसती जोडाची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली असेल तर पायाबद्दल शंका घ्यावी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. त्यामुळे मे महिन्यात रुंद दिसणारी भेग ऑगस्टमध्ये मिटल्यासारखी वाटू शकते. भेगेच्या टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख टाका, महिन्या-महिन्याला फोटो काढून ठेवा. भेग वाढत असेल किंवा आरपार असेल तर घर दाखवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

समजा, लातुरातलं रो-हाऊस आहे. मागच्या बेडरूमला तिरपी भेग आणि बाहेर त्याच कोपऱ्यात न्हाणीचा पाइप गळतोय. आधी पाइप बदला, भिंतीलगतच्या फरशीला बाहेरच्या बाजूनं उतार द्या. भेग लगेच बुजवू नका, एक पावसाळा जाऊ द्या.

दाखवताना सुरुवात पाण्यापासून करा, इकडं पहिला प्रश्न तोच असतो. हौदाचं झाकण उघडा, बोअरची मोटार चालू करून दाखवा, नळ किती दिवसांआड येतो ते खरं सांगा. उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागत असेल तर तेही. मग हॉल, स्वयंपाकघर आणि त्यानंतर ती बेडरूम. भेगेपुढं कपाट सरकवलेलं नको. त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच म्हणा, “दादा, ही भेग बघून घ्या. पाइप गळत होता, तो बदलला. ह्या खुणा, हे फोटो, हे इंजिनिअरचं पत्र.” एवढं बोलून गप्प बसा. भेग दाखवून लगेच पुढच्या खोलीत नेणं म्हणजे अर्धं लपवणंच. त्यांना हात लावू द्या, ठोकून बघू द्या. गच्ची शेवटी ठेवा, तिथं निवांत बोलता येतं.

कायदाही इथं आड येतो. करारात वेगळं ठरलं नसेल, तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाला ठाऊक असलेला, पण साध्या तपासणीत गिऱ्हाइकाला न दिसणारा मोठा दोष सांगावाच लागतो. पुट्टीखाली गाडलेली भेग त्यात मोडू शकते.

आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम बोलू नये. एकजण ‘पाइपामुळं’ म्हणतो, दुसरा ‘पहिल्यापासूनच आहे’ म्हणतो, की पेन्सिलीच्या खुणांवर कोण विश्वास ठेवणार?