डिस्कसाठी बार कापायच्या आधी

अंबडला आमच्या फोर्जिंग शेडमध्ये डिस्कचा एक लॉट मागे बाद झाला. हिशेब सगळा बरोबर होता, फक्त बर्निंग लॉस, म्हणजे भट्टीत जळून जाणारा माल, धरला नव्हता. म्हणून नव्या लॉटआधीची ही तयारी.

ड्रॉइंग हातात घ्या, पण त्यावरचं माप हिशेबात घेऊ नका. तयार डिस्क 200 व्यास, 40 जाडी असेल, तर प्रत्येक बाजूला 3 मिलिमीटर मशिनिंगला सोडून फोर्जिंग 206 बाय 46 होतं. हिशेब याच मापांवर करायचा.

बार दाबला तरी त्यातला माल तेवढाच राहतो. दोन्ही आकार गोल असल्याने पाय भागिले चार दोन्हीकडून उडतं आणि उरतं `L = D² × t ÷ d²`. L म्हणजे तुकड्याची लांबी, D आणि t फोर्जिंगचा व्यास आणि जाडी, d बारचा व्यास. 90 च्या बारला 206 गुणिले 206 गुणिले 46, भागिले 8100, म्हणजे 241 मिलिमीटर. इथे थांबू नका! भट्टीत लोखंडावर खवले धरतात आणि ते हॅमरखाली झडून जातात. आमच्या ऑईलच्या भट्टीत एका हीटला तीन टक्के धरावेच लागतात. म्हणून 241 भागिले 0.97, म्हणजे 249 कापा. 241 चाच कापला तर व्यास 206 भरेपर्यंत जाडी साडेचव्वेचाळीसवर येते. डिस्क जरा तिरकी बसली की टर्निंगनंतर एका तोंडावर काळे डाग राहतात, आणि त्याला इलाज नाही. दुसरी हीट लागणार असेल तर बर्निंग लॉस आणखी वाढवा.

बार खरंच 90 आहे का, हे व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी बघा. व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे 89 निघाला तर तुकडा 255 लागतो. एक मिलिमीटरसाठी सहा मिलिमीटर! काळ्या बारवर छापील मापावर विसंबू नका.

लांबी व्यासाच्या अडीच-तीन पटीच्या आत ठेवा. 249 भागिले 90 म्हणजे पावणेतीनच्या जरा वर, चालेल. बाजारात 80 चा बार सहज मिळतो म्हणून तो घेऊ नका. बर्निंग लॉस धरून त्याचा तुकडा 315 होतो, जवळपास चौपट. तो उभा दाबला जाण्याऐवजी वाकतो आणि त्या जागी घडी पडते.

तुकडे काटकोनात कापा, तिरके नकोत. ब्लेडची जाडी बार मागवताना धरा, तुकड्यात नाही. पहिला तुकडा वजन करा, 12.4 किलोच्या आसपास भरला पाहिजे. थंड झाल्यावर तीच डिस्क पुन्हा तोला. घट तीन टक्क्यांहून जास्त निघाली तर बाकीचे तुकडे कापण्याआधी लांबी बदला. त्यासाठीच पहिल्या दिवशी एकच तुकडा कापायचा, अख्खा लॉट नाही. गरम डिस्कवर माप घेताना अडीच मिलिमीटर जास्त धरा, 208.5 दिसलं पाहिजे. बाकी डाय, चिमटे, नेहमीचंच. बर्निंग लॉसचा आकडा मात्र कटिंगच्या कार्डावर वेगळ्या ओळीत लिहा.