सगळ्यात जास्त खपणारा साबुदाणा वडा खरंच परवडतो का? या चुका टाळा

नाष्टा सेंटरवाल्याला काय चांगलं चालतं विचारा, तो खप सांगतो. नफा विचारा, तर खरेदीवर टक्के काढून दाखवतो. सगळा घोळ इथून सुरू होतो.

समजा, साबुदाणा वड्याची प्लेट 40 रुपयांना आहे. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, तेल, दही धरून खर्च 25, सुटले 15. मालक म्हणतो, साठ टक्के मिळतात! विक्रीवर मोजलं तर ते साडेसदतीसच भरतात, आणि डिलिव्हरी ॲप कमिशन कापतं ते विक्रीवर. कमिशन 25 टक्के असेल तर 10 रुपये गेले. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1.80. डबा-पिशवीचे 4. पंधरातून हे वजा केलं की 80 पैसे तोटा. 5 टक्क्यांनी जीएसटी भरणाऱ्या हॉटेलला त्या 1.80 चं क्रेडिटही मिळत नाही. तरी साठ टक्क्यांच्या भरवशावर ॲपवर आणखी सूट देणारे आहेतच. काउंटर आणि ॲप यांचे हिशोब वेगळ्या पानांवर लिहा, एवढं केलं तरी डोळे उघडतात.

तेलाचा खर्च अंदाजाने धरू नका. तळणीआधी आणि तळणीनंतर कढईतलं तेल वजन करा, फरकाला वड्यांनी भागा. साबुदाणा नीट निथळला नसेल तर वडा कढईत फुटतो आणि तेलही जास्त पितो.

कूट मागच्या महिन्याच्या भावाने धरू नका. दुसऱ्यांदा मागितलेलं दही आणि रात्री उरलेले वडेही खर्चातच.

आता कढईचा वेळ. सकाळच्या गर्दीत कढई एकच असते. दहा साबुदाणा वड्यांचा घाणा मध्यम आचेवर सात मिनिटं घेत असेल, तर पाच प्लेटचे 75 रुपये, म्हणजे मिनिटाला जेमतेम 11. बटाटेवड्याची प्लेट 30 ची, सुटतात 17. घाणा चार मिनिटांत उतरला तर 85 रुपये, मिनिटाला 21. बटाटेवड्याचं गिऱ्हाईक ताटकळत असेल तर साबुदाणा वडा त्याची जागा अडवतोय. दुपारी कढई रिकामीच असते, तेव्हा हा हिशोब लावू नका.

एवढं कळलं की उतावळे लोक दुसऱ्याच दिवशी पाटीवर काट मारतात. मग चतुर्थीला चौघांतल्या एकाचा उपास असतो आणि चौघंही समोरच्याकडे जातात, चहासकट. आधी आठवडाभराची बिलं चाळा: वडा एकटाच जातो की सोबत चहा, मिसळ असते? एकटाच जात असेल तर आधी ॲपवरून काढा, मग काउंटरवर 45 करून पाहा. तरी जमलं नाही तर रोजचा बंद करून फक्त चतुर्थी-एकादशीला ठेवा. आणि वडा बंद केल्याने दुकानभाडं कमी होत नाही. रिकाम्या कढईत दुसरं काय जाणार हे ठरल्याशिवाय काट मारू नका.