रडारच्या इकोचा उशीर काढायला बसण्याआधीची तयारी (आणि दोन्ही सिग्नलांना शून्यं भरा)

लॅपटॉप चार्ज, केबल्स तपासलेल्या, प्रसारणाची परवानगी हातात. यावर जास्त बोलत नाही. परवानगी नसेल तर मात्र अँटेनाला हात लावू नका.

समजा कोथरूडच्या एका गच्चीवरून वेताळ टेकडीवर ठेवलेल्या धातूच्या कॉर्नर रिफ्लेक्टरकडे पल्स सोडायची आहे. मांडणी अशी: दर सेकंदाला ५ कोटी कॉम्प्लेक्स सॅम्पल, पल्स १० मायक्रोसेकंदांची म्हणजे ५०० सॅम्पल, आणि रेकॉर्डिंग २०४८ सॅम्पलचं. सिग्नल जातो आणि परत येतो, म्हणून एक सॅम्पल म्हणजे ३ मीटर, ६ नव्हे. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

उशीर काढायचा म्हणजे सोडलेली पल्स रेकॉर्डिंगवरून सरकवत ती कुठे सर्वांत जास्त जुळते ते बघायचं. हेच कोरिलेशन, आणि ते एफएफटीने, म्हणजे झटपट फूरिए रूपांतराने, लवकर होतं. आता मुख्य गोष्ट. दोन्ही सिग्नलांना शून्यं भरा. सोडलेल्या पल्सला भरा आणि आलेल्या रेकॉर्डिंगलाही भरा. मागच्या वेळी माझ्याकडून दुसरं राहिलं, आणि नसलेल्या लक्ष्यामागे वेळ गेला. फसगत होते ती अशी: दोन्हींची लांबी सारखी लागते म्हणून ५०० सॅम्पलच्या पल्सला शून्यं जोडून २०४८ केली जातात, आणि शून्यं भरायचं काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. एफएफटीचा गुणाकार वर्तुळाकार कोरिलेशन देतो. ऋण उशिराला जे पडायला हवं, ते वळसा घालून शेवटच्या धन उशिरांवर येऊन बसतं. एकूण लांबी किमान २०४८ + ५०० − १ म्हणजे २५४७ हवी. ४०९६ घ्या आणि मोकळे व्हा.

```python
N = 4096
X = np.fft.fft(x, N)
Y = np.fft.fft(y, N)
r = np.fft.ifft(Y * np.conj(X))
```

इथे `x` म्हणजे सोडलेली पल्स आणि `y` म्हणजे रेकॉर्डिंग. `N` दोन्हीकडे लिहिलाय ना, पुन्हा बघा. `conj` पल्सच्या बाजूला हवा. तो रेकॉर्डिंगच्या बाजूला गेला तर उशीर उलटा मोजला जातो, आणि अजिबात विसरला तर कोरिलेशनऐवजी कॉन्व्होल्यूशन मिळतं. थेट बेरजा केल्या तर २०४८ गुणिले ५०० म्हणजे सुमारे १० लाख गुणाकार लागतात. ४०९६ च्या तीन एफएफटी आणि मधला गुणाकार मिळून ८० हजारांच्या आत काम होतं. म्हणूनच हा एफएफटीचा आडमार्ग पत्करायचा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा कोरिलेटरही आधी फूरिए रूपांतर करतो आणि मग वेगवेगळ्या अँटेनांचे सिग्नल गुणतो.

नसलेलं लक्ष्य येतं कुठून? आपली पल्स प्रसारक अँटेनातून शेजारच्या ग्राहक अँटेनात थेट गळते, आणि ही गळती टेकडीवरच्या इकोपेक्षा कितीतरी बलवान असते. रेकॉर्डिंग पल्सच्या सुरुवातीपेक्षा ३० सॅम्पल उशिरा सुरू झालं, तर गळतीचं शिखर −३० वर यायला हवं. २०४८ च्या एफएफटीत ते २०१८ वर उमटतं. गुणिले ३ केलं की ६०५४ मीटर. सहा किलोमीटरवर ठसठशीत लक्ष्य! औंधच्या बाजूचा एखादा टॉवर असेल असं वाटून माणूस नकाशा उघडतो, पण मध्ये आख्खी टेकडी आहे हे लक्षात घेत नाही. शंका आली की एफएफटीची लांबी बदलून बघा, म्हणजे २२०० करा. खरा इको जागचा हलत नाही. भुताचं शिखर मात्र २१७० वर सरकतं.

४०९६ घेतल्यावर तेच शिखर ४०६६ वर दिसतं. अर्ध्याच्या पलीकडच्या क्रमांकातून ४०९६ वजा करा: −३०. ते फेकून देऊ नका, कारण खरा शून्य तोच आहे. टेकडीचा इको ६७० वर दिसला तर २०१० मीटर लिहून मोकळं व्हायचं नाही. ६७० मधून −३० वजा केले की ७०० येतात, म्हणजे २१०० मीटर. शून्यं न भरणारा माणूस एक खोटं लक्ष्य मिळवतो आणि खऱ्या लक्ष्यात ९० मीटरची चूक ठेवतो. म्हणून म्हणतोय, दोन्हींना भरा.

पल्स साधी ठेवू नका, चर्प करा. १० मायक्रोसेकंदांत वारंवारता सरळ रेषेत २० मेगाहर्ट्झ चढू द्या. कारण समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. साधी पल्स स्वतःवरून अडीच सॅम्पल, म्हणजे ५० नॅनोसेकंद, सरकवली तर ५०० पैकी फक्त अडीच सॅम्पलची जुळणी जाते. बेरीज ९९.५ टक्के उरते. शिखर म्हणजे १००० सॅम्पल पायाचा पसरट त्रिकोण. थोडा गोंगाट आला की त्याचा माथा इकडचा तिकडे होतो.

चर्पमध्ये प्रत्येक क्षणाची वारंवारता वेगळी असते. दर मायक्रोसेकंदाला ती २ मेगाहर्ट्झ वाढते, म्हणून ५० नॅनोसेकंद सरकवलेल्या प्रतीशी सगळीकडे ०.१ मेगाहर्ट्झचा फरक पडतो. हा फरक १० मायक्रोसेकंदांत बरोबर एक आवर्तन पुरं करतो. आवर्तनाचे सगळे भाग एकमेकांना खोडतात आणि बेरीज जवळजवळ शून्यावर येते. त्याच अडीच सॅम्पलांत! शिखराची रुंदी पल्सच्या लांबीवर राहत नाही, ती एक भागिले बँडविड्थ, म्हणजे वारंवारता चढते तो २० मेगाहर्ट्झचा पट्टा, एवढी होते. साध्या पल्सला १५०० मीटरच्या आतली दोन लक्ष्यं वेगळी करता येत नाहीत, चर्पला ७.५ मीटरपर्यंत जमतं. पल्स लांब असल्यामुळे ऊर्जा मात्र पूर्ण मिळते. बँडविड्थ सॅम्पलिंगच्या वेगात बसते आहे ना, एवढं पाहा. इथे २० आणि ५०, चालतं.

संदर्भ पल्स, म्हणजे `x`, सूत्राने बनवलेली नको, ॲटेन्युएटर लावून केबलमधून रेकॉर्ड केलेली घ्या. ॲम्प्लिफायर तिचा आकार बदलतो. तिची सुरुवात नेमकी कापा, नाहीतर तो उशीरही हिशेबात शिरतो.

बाजूची उपशिखरं १३ डेसिबल खाली असतात. जवळचा दुबळा इको त्यांत बुडू शकतो. संदर्भ पल्सला हॅमिंग विंडो लावा, म्हणजे तिच्या कडा हळूहळू उतरवा, उपशिखरं बरीच खाली जातात. शिखर थोडं रुंदावतं, तेवढं सोसा.

`np.abs(r)` चं शिखर आणि शेजारचे दोन बिंदू यांतून पॅराबोला काढा, ३ मीटरच्या आतलं उत्तर मिळतं.

निघण्याआधी घरी बनावट रेकॉर्डिंग करा: एक इको ६७० वर, आणि सुरुवातीचे ३० सॅम्पल कापलेली पल्स अगदी आरंभाला. शिखरं ६७० आणि ४०६६ वर आली तर निघा. २०१८ वर काही दिसलं तर `y` ला शून्यं भरलेली नाहीत.