छोट्या क्लिनिकमध्ये स्टिच सेट ऑटोक्लेव्ह कसा करायचा, धुण्यापासून रजिस्टरपर्यंत

बहुतेक छोट्या क्लिनिकमध्ये वरून उघडणारा, खाली पाणी आणि हीटर असलेला, हाताने वॉल्व्ह फिरवायचा उभा ऑटोक्लेव्ह असतो, म्हणून हे सगळं त्याच मशीनसाठी लिहितेय. उदाहरण म्हणून रोजचा स्टिच सेट घेऊ, म्हणजे एक नीडल होल्डर, दोन आर्टरी फोर्सेप्स, एक टूथ फोर्सेप्स, कात्री आणि एक छोटी वाटी. सक्शनची नळी, डेंटल हँडपीस अशी आतून पोकळ वस्तू या मशीनमध्ये टाकू नका, नळीतली हवा निघत नाही, त्याला व्हॅक्यूमचंच मशीन लागतं.

प्रोसिजर संपली की सगळ्यात आधी सुई आणि ब्लेड ज्याने वापरलं त्यानेच शार्प्सच्या डब्यात टाकायचं. मग इन्स्ट्रुमेंटवरचं रक्त वाळू द्यायचं नाही, लगेच धुणं जमणार नसेल तर ओलं फडकं टाकून झाकून ठेवा, पण सलाईनमध्ये ठेवू नका, त्याने स्टीलला गंज लागतो. अजून बऱ्याच ठिकाणी आधी ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायची जुनी पद्धत चालू आहे. ती सोडा. ब्लीचने स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे त्याच खड्ड्यांत घाण बसते, शिवाय धुणाऱ्याचा बचाव जाड ग्लोव्ह्ज, प्लास्टिक ॲप्रन आणि गॉगलने होतो, ब्लीचने नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शिकेतही धुण्याआधी असं जंतुनाशकात भिजवू नका असंच आहे.

धुताना पहिलं पाणी थंड घ्या, गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन स्टीलवर शिजून घट्ट बसतं. मग एन्झाइमवाल्या लिक्विडमध्ये, बाटलीवर लिहिलंय तेवढंच प्रमाण आणि तेवढाच वेळ, सगळ्या इन्स्ट्रुमेंट्सचे जॉइंट पूर्ण उघडून भिजवा. मऊ नायलॉनच्या ब्रशने पाण्याखालीच घासा, पाण्याबाहेर घासलं की शिंतोडे तोंडावर येतात. तारेची घासणी नको. नीडल होल्डरच्या तोंडातल्या रेघा, आर्टरीचे दाते आणि कात्रीचा स्क्रू या तीन जागी रक्त राहतंच, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. नंतर वाहत्या पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्याने धुवून, धागे न सुटणाऱ्या कपड्याने कोरडं करा आणि उजेडात भिंगाने बघा. डाग दिसला तर परत धुवायचं, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचत नाही आणि मग मशीन कितीही वेळ चालवलं तरी उपयोग नाही.

आता पॅकिंग. आर्टरी आणि नीडल होल्डर लॉक लावून पॅक करू नका, उघडेच ठेवा, कारण लॉक केलेल्या दात्यांमध्ये वाफ शिरत नाही आणि गरम झाल्यावर जॉइंटला चीरही जाऊ शकते. वाटी उपडी किंवा आडवी ठेवा, सरळ ठेवली तर तिच्यात हवा अडकते आणि नंतर पाणी साचतं. सेटच्या मधोमध आतली इंडिकेटर पट्टी ठेवा, मग क्रेप पेपरच्या किंवा धुतलेल्या, भोक नसलेल्या कापडाच्या दोन थरांत गुंडाळून इंडिकेटर टेप लावा. टेपवरच सेटचं नाव, तारीख, सायकल नंबर आणि पॅक करणाऱ्याची सही हे सगळं आधीच लिहून टाका. दोरीने किंवा रबराने आवळून बांधू नका.

मशीनमध्ये हीटर बुडेल एवढं डिस्टिल्ड पाणी आहे का बघा आणि पॅक उभे, मध्ये बोट जाईल एवढी जागा सोडून ठेवा. ड्रम वापरत असाल तर त्याची भोकं आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढल्याबरोबर बंद. एक छोटा जास्तीचा पॅक, ज्यात फक्त एक जुनी आर्टरी आणि पट्टी आहे, तो लोडमध्ये सगळ्यात दाटी असेल तिथे ठेवा, आपण त्याला टेस्ट पॅक म्हणू.

पुढची पायरी सगळ्यात जास्त चुकते. हीटर चालू करताना वाफेचा वॉल्व्ह उघडा ठेवायचा आणि सलग, जोरदार वाफ यायला लागल्यावरही साधारण 5 ते 8 मिनिटं उघडाच ठेवायचा, मगच बंद. का, तर आतली हवा बाहेर जायला हवी. काटा दाब दाखवतो, पण तो दाब हवेचा आहे की वाफेचा हे त्याला कळत नाही. 15 पाउंडला सगळी हवा गेलेली असेल तर आत 121 डिग्री असतात, अर्धीच गेली असेल तर 112 च्या आसपास, आणि हवा अजिबात काढली नाही तर फक्त 100. काटा तिन्ही वेळा 15 वरच! त्यामुळे थर्मामीटर बघा, फक्त प्रेशर नको. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंचीवर तर हवा पूर्ण काढूनही 15 पाउंडला 118-119 च मिळतात, तिथे दाब साधारण दोन पाउंड वाढवावा लागतो, तोही मशीनच्या प्लेटवरच्या मर्यादेतच.

121 झाल्यापासून 30 मिनिटं मोजा, हीटर चालू केल्यापासून नाही. मध्येच लाइट गेली आणि तापमान खाली आलं तर मोजणी परत शून्यापासून. वेळ झाली की हीटर बंद, वाफ हळूहळू सोडा, काटा शून्यावर आला की झाकण जरासं उघडं ठेवून 20-30 मिनिटं पॅक आतच वाळू द्या. ओला पॅक म्हणजे फेल पॅक, कारण ओल्या कापडातून जंतू आत जातात. गरम पॅक थंड फरशीवर ठेवू नका, तोही ओला होतो.

रजिस्टर सायकल चालू असतानाच भरायचं, संध्याकाळी आठवून नाही. एक ओळ अशी दिसते: सायकल 1, स्टिच सेट 4 आणि टेस्ट पॅक 1, हीटर चालू 9.10, वॉल्व्ह बंद 9.40, 121 झाले 9.48, हीटर बंद 10.18, दाब 15, टेप काळी, टेस्ट पॅकची पट्टी पास, पॅक कोरडे, सही.

आता समजा त्याच दिवशी सायकल 2 मध्ये टेप छान काळी झाली पण टेस्ट पॅकमधल्या पट्टीचा रंग अर्धवटच बदलला. टेप फक्त सांगते की पॅक मशीनमध्ये जाऊन आला, म्हणून इथे पट्टीचं ऐकायचं. अख्खा लोड बाजूला, रजिस्टरमध्ये लाल पेनने ‘फेल’, मग कारण शोधा. बघितलं तर ड्रमची भोकं बंदच राहिली होती आणि आत कापडं कोंबलेली होती. सगळे पॅक उघडून, नवीन पेपरमध्ये सैल पॅक करून, सायकल 3 म्हणून परत लावा आणि तशीच नवीन ओळ नवीन नंबरने लिहा, सायकल 2 खोडू नका.

आठवड्यातून एकदा जिवाणूंची कुपी टेस्ट पॅकमध्ये ठेवा. नंतर ती आणि त्याच बॅचची एक न तापवलेली कुपी इनक्युबेटरमध्ये ठेवायची. जांभळ्या रंगाच्या कुप्या असतील तर पिवळी होणं म्हणजे आतले जिवाणू जिवंत आहेत, म्हणून न तापवलेली पिवळी व्हायलाच हवी, नाही झाली तर टेस्टच बाद. तापवलेली पिवळी झाली तर मशीन बंद करा आणि मागच्या पास झालेल्या कुपीनंतरच्या सगळ्या सायकलींचे पॅक कपाटातून परत काढा. यासाठीच पॅकवर सायकल नंबर असतो, आणि पेशंटच्या केसपेपरवरही तोच नंबर लिहिलेला असेल तर वापरून झालेले सेट कोणाकोणाला लागले तेही सापडतं.