चेहरा बदलताना मास्क घसरू नये यासाठी: आधी कवटी, मग हावभाव

स्टंट करणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्याच्या जागी मुख्य कलाकाराचा चेहरा बसवायचा, हे काम मी अनेक वर्षे करत आहे. स्थिर फ्रेमवर चेहरा बसवणे फारसे अवघड नाही. अडचण येते ती डोके वळते आणि त्याच वेळी तोंडही उघडते तेव्हा. बसवलेला चेहरा तिथे कातडीवरून घसरल्यासारखा दिसतो किंवा त्याची कड पाणी उकळावे तशी थरथरते. यावर 'ट्रॅकिंग पॉइंट वाढवा', 'कड आणखी मऊ करा', 'प्रत्येक फ्रेमवर मास्क हाताने दुरुस्त करा' हे तीन सल्ले हमखास मिळतात. तिन्ही सल्ल्यांनी दोष झाकला जातो, पण त्याचे कारण जागच्या जागी राहते.

सोयीसाठी एकच शॉट घेऊ. सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चित्रित केलेला चार सेकंदांचा, म्हणजे ९६ फ्रेमचा हा शॉट आहे. फ्रेम ३० ते ५१ या दरम्यान डोके समोरून बाजूला सुमारे ५० अंश वळते. फ्रेम ३८ ला ती व्यक्ती ओरडू लागते आणि ४६ ला तोंड पूर्ण उघडलेले असते. दोन्ही व्यक्तींची लेखी संमती घेतलेली आहे, लेन्समुळे आलेला वाकडेपणा काढून टाकलेला आहे आणि बदली चेहऱ्याचे चित्रण त्याच प्रकाशात झालेले आहे, असे मी गृहीत धरतो.

संदर्भ फ्रेम निवडणे

पहिली फ्रेम सवयीने निवडू नये. चेहरा समोर, तोंड मिटलेले, डोळे उघडे आणि चित्र स्पष्ट असेल ती फ्रेम घ्यावी. आपल्या शॉटमध्ये ती २२ वी आहे. तिथून पुढे आणि मागे, दोन्ही दिशांनी ट्रॅक करावे.

कवटीचा ट्रॅक

सगळे काम या टप्प्यावर अवलंबून आहे, आणि माझी सुरुवातीची कित्येक कामे इथेच बिघडली. चेहऱ्यावर दोन स्वतंत्र हालचाली एकाच वेळी चालू असतात. कवटी अख्खी वळते, झुकते, पुढे-मागे होते. तिच्यावरची कातडी मात्र स्नायूंच्या ओढीने ताणली जाते आणि आकसते. ट्रॅकरला या दोन्ही हालचाली एकत्र दिल्या, तर कोणती हालचाल कशाची हे त्याला कळत नाही. तो कातडीचे सरकणे डोक्याच्या हालचालीत जमा करतो. म्हणून पहिल्या ट्रॅकमध्ये फक्त कवटीची हालचाल असावी आणि त्यात हावभावाचा अंशही येऊ देऊ नये.

कपाळ मोठे, सपाट आणि पुष्कळदा चांगले उजळलेले असते, म्हणून मी ते नेहमी ट्रॅकसाठी निवडत असे. अशाच एका ओरडण्याच्या शॉटमध्ये बसवलेला चेहरा ऐन किंकाळीच्या क्षणी हनुवटीकडे फुगत होता. दोन दिवस मी मास्कची खालची कड दुरुस्त करत राहिलो, आणि दोष मात्र वर कपाळात होता. ओरडताना भुवया वर गेल्या आणि कपाळाची कातडी हाडावरून वर सरकली. नाकाचा उंचवटा आणि कपाळावरील खूण यांच्यातील अंतर ११० पिक्सेल होते, ते ११८ झाले. ट्रॅकरच्या दृष्टीने चेहरा सात टक्क्यांनी मोठा झाला. हनुवटी नाकाच्या उंचवट्यापासून २२० पिक्सेल खाली होती; त्याच प्रमाणात तिथली कड सुमारे १६ पिक्सेल खाली ढकलली गेली. कपाळावर आठ पिक्सेलांची चूक झाली, ती हनुवटीपाशी दुप्पट होऊन उमटली. तेव्हापासून, भुवया हलत असतील अशा शॉटमध्ये मी कपाळावर एकही पॉइंट ठेवत नाही.

मग पॉइंट ठेवावेत कुठे? दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे, नाकाचा हाडाळ उंचवटा, त्याच्या आसपास तीळ किंवा डाग असल्यास तो, आणि कॅमेऱ्याकडे असलेल्या कानाच्या छिद्रापुढचा लहानसा उंचवटा. तोंड उघडल्यावर वरचे दात दिसत असतील, तर ते अवश्य घ्यावेत, कारण वरचे दात कवटीलाच घट्ट बसलेले असतात आणि कोणताही हावभाव त्यांना हलवू शकत नाही. खालचे दात जबड्याबरोबर जातात. ते या ट्रॅकमध्ये चालत नाहीत. भुवया, गाल, ओठ, हनुवटी आणि नाकपुड्या वगळाव्यात. डोळे मिचकावताना कोपऱ्यांवरचे पॉइंट उडी मारतात. तेवढ्या दोन-चार फ्रेमपुरते ते बंद करून उरलेल्या पॉइंटवर भिस्त ठेवावी.

चेहऱ्यावर आपोआप बिंदू बसवणारी साधने वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. नेहमीच्या ६८ बिंदूंच्या रचनेत पहिले १७ बिंदू जबड्याच्या कडेचे असतात. डोके वळले की ते कातडीवरची आपली जागा सोडून नजरेला दिसणाऱ्या बाह्यरेषेला चिकटतात. म्हणजे फ्रेम २२ मधील पाचवा बिंदू आणि फ्रेम ५१ मधील पाचवा बिंदू या कातडीवरच्या दोन वेगवेगळ्या जागा असतात. कवटीच्या ट्रॅकसाठी हे १७ बिंदू सरळ काढून टाकावेत.

डोके थोडेच, साधारण १५ अंशांपर्यंत वळत असेल, तर चेहरा सपाट मानून केलेला ट्रॅक चालतो, असा माझा अनुभव आहे. ५० अंशांच्या वळणाला तो चालणार नाही, कारण नाक पुढे असते, कान बरेच मागे असतात आणि वळताना दोन्ही चित्रात वेगवेगळे अंतर कापतात. इथे डोक्याचा त्रिमितीय आकार घेऊन त्याच्यावर हे पॉइंट बसवावे लागतात. आकार हुबेहूब नसला तरी चालतो. मात्र डोळ्यांच्या कोपऱ्यांमधील अंतर आणि नाकाच्या उंचवट्यापासून कानापर्यंतची खोली ही दोन मापे बरोबर हवीत.

ट्रॅक खरा की खोटा, हे ओळखणे

मास्क काढण्यापूर्वी ट्रॅक उलटा लावून डोके स्थिर करावे. त्रिमितीय ट्रॅक असल्यास मूळ चित्र डोक्याच्या आकारावर प्रक्षेपित करून संदर्भ फ्रेमच्या कोनातून पाहावे. आता नाकाचा उंचवटा आणि डोळ्यांचे आतले कोपरे भिंतीला खिळल्यासारखे स्थिर दिसले पाहिजेत, आणि त्यांच्याभोवती फक्त भुवया, गाल व जबडा हलले पाहिजेत. नाकाच्या उंचवट्यावर स्क्रीनवरच एक उभी-आडवी रेघ ठेवली तर नजर फसत नाही.

उंचवटा हलत असेल, तर तो केव्हा हलतो यावरून कारण कळते. तोंड उघडण्याच्या किंवा भुवया उचलण्याच्या क्षणीच तो हलत असेल, तर एखादा पॉइंट सरकत्या कातडीवर बसलेला आहे. एकेक पॉइंट बंद करून पाहिला की तो सापडतो. वळणाबरोबर चूक वाढत जात असेल आणि डोके परत समोर येताच नाहीशी होत असेल, तर डोक्याच्या आकाराची खोली चुकलेली आहे. कानाची जागा पुढे-मागे करून ती दुरुस्त करावी. हालचालीशी काहीही संबंध न ठेवता प्रत्येक फ्रेमला बारीक थरथर होत असेल, तर ती चित्रातील कणांमुळे किंवा अस्पष्टतेमुळे आलेली असते. केवळ या तिसऱ्या दोषावरच ट्रॅक गुळगुळीत करण्याचा उपाय लागू पडतो. पहिले दोन दोष गुळगुळीत केले, तर चूक तशीच राहून फक्त हळूहळू येते.

गुळगुळीत करायचे ते डोक्याचे फिरणे आणि सरकणे. मास्कच्या कडेचे बिंदू नव्हे. दोन्ही बाजूंच्या फ्रेम धरून पाच फ्रेमची सरासरी बहुतेक वेळा पुरते. मात्र फ्रेम ५१ ला डोके झटक्याने थांबते. सरासरी तिथे ओलांडून जाऊ दिली, तर बसवलेला चेहरा थांबण्याच्या आधीच मंदावतो आणि खरे डोके त्याच्यापुढे निघून जाते. म्हणून ५० ते ५२ या फ्रेम सरासरीतून वगळाव्यात आणि अलीकडचा व पलीकडचा भाग स्वतंत्रपणे गुळगुळीत करावा.

हावभावांचा मास्क

कवटी स्थिर झाली की मास्क त्या स्थिर चित्रावरच काढावा. वरचा भाग, म्हणजे भुवयांपासून गालाच्या हाडापर्यंतचा, कवटीला जोडावा. खालचा भाग वेगळा ठेवून त्याची बिजागरी कानापुढे मानावी. तोंड उघडताना हनुवटी सरळ खाली जात नाही. या बिजागरीभोवती फिरत ती खाली आणि किंचित मागे जाते. कड नुसती खाली ओढली, तर ओरडणारा माणूस लांबुडक्या तोंडाचा दिसतो. गालाच्या मधल्या बिंदूंना जबड्याच्या निम्मी हालचाल द्यावी, म्हणजे दोन भागांच्या सांध्यावर घडी पडत नाही.

कीफ्रेम शक्य तितक्या कमी ठेवाव्यात. आपल्या शॉटमध्ये मी ३८, ४२ आणि ४६ या फ्रेमवर की ठेवतो, मग तोंड उघडे राहते तोवर काहीच ठेवत नाही आणि मिटताना पुन्हा तीन ठेवतो. प्रत्येक फ्रेमवर हाताने मारलेल्या कीमध्ये एक-दोन पिक्सेलांचा फरक पडतोच, आणि उकळणारी कड याच फरकातून तयार होते. मधली एखादी फ्रेम चुकत असेल, तर चूक सर्वांत जास्त दिसते त्या फ्रेमवर एकच की वाढवावी.

वळल्यावर पलीकडच्या गालाची बाह्यरेषा या मास्कमध्ये गुंतवू नये. मिसळणारी कड कातडीच्या ठरावीक जागेला बांधलेली असते. बाह्यरेषा मात्र कॅमेऱ्याच्या कोनाबरोबर बदलते. त्या बाजूला वेगळा मास्क काढून त्याने बसवलेला चेहरा कापावा. हनुवटीखालची कड जबड्याच्या रेषेवर न ठेवता तिच्या खालच्या सावलीत न्यावी.

हालचालीची अस्पष्टता

१८० अंशांच्या शटरला प्रकाशन फ्रेमच्या निम्म्या वेळाचे असते. म्हणून गालाची कड एका फ्रेममध्ये १२ पिक्सेल सरकत असेल, तर मूळ चित्रात ती सुमारे सहा पिक्सेल पसरलेली असते. मास्कलाही तेवढीच अस्पष्टता द्यावी आणि शटर फेज उणे ९० ठेवावा, म्हणजे ती हालचालीच्या मध्यावर बसते. अस्पष्टता पुढे किंवा मागे पडली, तर ट्रॅक अचूक असूनही चेहरा घसरल्यासारखा दिसतो.

शेवटची तपासणी दोनदा करावी. आधी स्थिर केलेल्या चित्रात, बसवलेला चेहरा अर्धपारदर्शक ठेवून, दोन्ही चेहऱ्यांच्या डोळ्यांचे कोपरे एकमेकांवर राहतात का ते फ्रेम ३० ते ५१ दरम्यान एकेक फ्रेम पाहावे. मग मूळ चित्रात, पूर्ण गतीने, मोठ्या पडद्यावर फक्त हनुवटीखालच्या सावलीकडे नजर ठेवून शॉट सलग काही वेळा चालवावा. कड हलत असेल, तर ती तिथे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दिसतेच.