चौकशीत जबाब घेताना उत्तर न सुचवता प्रश्न कसे विचारावेत

समजा, महापे एमआयडीसीतील एका गोदामातील पॅकिंग कामगाराने लेखी तक्रार दिली आहे, की दुपारपाळीच्या सुपरवायझरने चलन बुकावरून शिवीगाळ केली आणि त्याला ढकलले. विचारणाऱ्याला हवे असलेले उत्तर ज्यातून सुचते, तो सूचक प्रश्न, अशी व्याख्या भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 146 मध्ये आहे. खात्यांतर्गत चौकशीला साक्षीचे नियम काटेकोरपणे लागू होत नसले, तरी हीच कसोटी इथेही वापरावी.

प्रथम तक्रारदाराला बोलावावे. “त्याने ढकलले तेव्हा तुम्ही पडलात का?” असे विचारले, की ढकलणे सिद्धच झाले आहे असे धरून आपण पुढे जातो. त्याऐवजी “त्या दुपारी काय घडले, ते सुरुवातीपासून सांगा” असे म्हणावे आणि तो थांबेपर्यंत मध्ये बोलू नये. नंतर त्याचाच शब्द घेऊन खोलात जावे: “तुम्ही ‘ढकलले’ म्हणालात, नेमके काय झाले ते सांगा.” हात कुठे लागला, तो कुठे उभा होता, हे बहुतेकदा यातूनच कळते. शिवी असेल तर ती त्याच्याच भाषेत, जशीच्या तशी लिहावी. “अपशब्द वापरले” असे लिहिल्यास पुढे काहीच पडताळता येत नाही.

सुपरवायझरला तक्रारीची प्रत आधी द्यावी. त्याला “तुम्ही का चिडलात?” असे विचारू नये. त्यालाही प्रथम त्या दुपारचा संपूर्ण वृत्तांत सांगू द्यावा. मात्र मोकळ्या प्रश्नांवरच थांबणे हाही अन्याय ठरतो, कारण ज्या आरोपावर निष्कर्ष निघणार आहे, तो त्याच्यासमोर स्पष्टपणे ठेवला गेलाच पाहिजे. तेव्हा “तक्रारीत असे म्हटले आहे, की तुम्ही छातीला हात लावून मागे लोटले, यावर तुमचे म्हणणे काय?” असे प्रत्येक आरोपाबाबत वेगळे विचारावे. “कोणाला विचारावे, कोणती कागदपत्रे पाहावीत, असे तुम्हाला वाटते?” हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारावा, पण सुपरवायझरच्या बाबतीत तो विसरला जाण्याचा धोका अधिक असतो.

साक्षीदारांना एकेकटे बोलावावे आणि आधीचा कोणी काय म्हणाला, ते सांगू नये. लोडिंग बेवरील हमालाला “भांडण पाहिलेस का?” असे न विचारता “चारच्या सुमारास तुम्ही कुठे होता? तिथून काय दिसत होते, काय ऐकू येत होते?” असे विचारावे, आणि “हे तुम्ही स्वतः पाहिले, की नंतर कोणी सांगितले?” हा प्रश्न कधीही गाळू नये.

जबाबात प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहावेत. उत्तरात आपलेच शब्द परत येत असतील, किंवा वेगवेगळ्या जबाबांत एकच वाक्य हुबेहूब सापडत असेल, तर प्रश्नच सूचक होते का, हे तपासावे. सूचक प्रश्न विचारला गेलाच, तर तो खोडू नये. तोच मुद्दा मोकळ्या शब्दांत पुन्हा विचारावा आणि पहिल्या उत्तराला कमी वजन दिल्याचे अहवालात नमूद करावे.