बाक शेगडा टेबलावर पक्का बसवताना
शेगडा म्हणजे काम जबड्यात घट्ट धरणारा व्हाइस. तो लाकडी टेबलावर नुसत्या स्क्रूने बसवू नका. लांब पाइप धरून जोर लावला की पुढचे स्क्रू लाकडातून उपसून येतात. आरपार बोल्ट घाला, आणि खालून नटाखाली फक्त वॉशर न देता लोखंडी पट्टी द्या. छोटा वॉशर मऊ लाकडात रुततो, मग नट कितीही आवळा, चार दिवसांत पुन्हा ढिला. पट्टीमुळे तोच दाब मोठ्या जागेवर पसरतो.

समजा फळी ४० मिमी जाड आहे, शेगड्याचा पाय १५ मिमी आणि पट्टी ६ मिमी. झाले ६१. त्यात वॉशर आणि नट यांचे साधारण १५ मिमी धरले, तर १२ मिमी जाडीचा ८० मिमी लांब बोल्ट बरोबर बसतो. पायाची भोकं लहान असतील तर बोल्ट १० मिमीचा घ्या.

भोकं पाडण्याआधी जागा नीट ठरवा. मागचा, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेपेक्षा किंचित बाहेर हवा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. शक्यतो टेबलाच्या पायाजवळच बसवा. मधोमध बसवला तर ठोकताना फळी उसळते. खाली आडवं लाकूड आड येत नाही ना, हेही वाकून बघा. हे मी एकदा विसरलो आणि दोन भोकं वाया गेली.

टेबलावर ग्राइंडर असेल तर थरथरीने नट सुटतो, म्हणून आत नायलॉनची कडी असलेला लोखंडी नट वापरा.